साखर कारखान्याचा सक्सेशन प्लॅन दोन पानांत कसा मांडावा?

प्रश्न: धाराशिव जिल्ह्यातल्या एका खासगी साखर कारखान्यात मी एचआर मॅनेजर आहे. गाळप क्षमता रोज ५,००० टन, सोबत डिस्टिलरी आणि को-जन. सल्लागारांनी २२ पदांचा सक्सेशन प्लॅन करून दिलाय. ६० पानी आहे आणि १५ पदांसमोर ‘रेडी नाऊ’ म्हणून नावं आहेत. ऑगस्टमध्ये नेतृत्व समितीची बैठक आहे, मला २० मिनिटं आणि दोन पानं मिळणार. महत्त्वाची पदं, तयार माणसं आणि उणिवा, एवढंच मांडायचंय. काय ठेवू आणि काय काढू?

उत्तर:

साठ पानांतलं एकेक वगळत दोन पानांवर येऊ नका. तसं केलं की सल्लागारांची मांडणी तशीच राहते, फक्त अक्षर बारीक होतं. कोरा कागद घ्या आणि डिसेंबरचा मध्य डोळ्यांपुढे आणा. गव्हाणीत मोळी टाकून महिना-दीड महिना झालाय, यार्डात ट्रॅक्टर उभे आहेत, तिन्ही शिफ्ट चालू आहेत. अशा वेळी कोणती खुर्ची रिकामी झाली तर काय थांबेल, इथून सुरुवात करा.

प्रत्येक पदाला दोन प्रश्न विचारा. हा माणूस उद्या आला नाही तर किती दिवसांत गाळप, पैसा किंवा परवाना अडेल? आणि बाहेरून त्याच्या तोडीचा माणूस रुजू व्हायला किती दिवस लागतील? पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तरच ते पद तुमच्या कागदावर यावं. पगाराचा ग्रेड किंवा केबिनचा आकार पाहू नका.

चीफ अकाउंटंटचं पद घ्या. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी लागते, उशीर झाला तर व्याज बसतं. त्यामुळे हे पद अत्यंत महत्त्वाचं आहे असं वाटतं. पण बिलं काढायचं काम हाताखालचा माणूस काही आठवडे रेटू शकतो, आणि लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून अनुभवी माणूस दोनेक महिन्यांत मिळतो. म्हणून ते या यादीत बसत नाही. एचआर मॅनेजरचंही बसत नाही, आणि हे तुम्हीच समितीला सांगितलंत तर पुढच्या बोलण्याला वजन येईल.

उलट एक पद तुमच्या २२ मध्ये बहुधा नसेलच, ते म्हणजे मुख्य पॅनमन. संघटना-तक्त्यात तो कामगार असतो, म्हणून सल्लागारांच्या नजरेला पडत नाही. पण पॅनमध्ये दाणा कधी धरायचा, पाणी कधी मारायचं, मॅसेक्यूट कधी सोडायचा हे त्याच्या हाताला आणि डोळ्याला कळतं. तो गेला आणि कच्चा माणूस पॅनवर आला की साखर मळीबरोबर निघून जाते. लॅबच्या रिपोर्टात मळीची प्युरिटी वर सरकलेली दिसते, तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. तुम्ही इथेनॉलसाठी बी-हेवी काढत असाल तर सी पॅनची काळजी कमी होते, पण ए आणि बीचा दाणा कुणीतरी धरायला हवाच. चांगला पॅनमन हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या कारखान्यातून सुटून येत नाही. त्याला तिथेही कुणी सोडत नाही.

या दोन प्रश्नांवर गाळून पाहिलं तर तुमच्या आकाराच्या कारखान्यात सहा-सात पदं उरतात, दहाच्या वर जाऊ नयेत. बाकीची पदं एका ओळीत लिहा: ‘इतर पदे विभागप्रमुखांच्या पातळीवर पाहिली जातील.’ मूळ आराखडा तुमच्या कपाटात असू द्या.

आता तयार माणसांकडे येतो. खरी मेहनत इथे आहे. १५ पदांसमोर ‘रेडी नाऊ’ नावं असतील तर मी आधी एकच गोष्ट मोजेन: वेगळी माणसं किती? बहुतेक ठिकाणी एकच होतकरू डेप्युटी तीन-चार पदांसमोर बसवलेला असतो. दुसरी खूण म्हणजे जवळजवळ प्रत्येक पदासमोर त्याच खात्यातला दोन नंबरचा माणूस असणं. तसं असेल तर तो आराखडा नाही, तक्ताच पुन्हा टाइप केलाय असं समजा.

‘आज तयार’ म्हणण्याआधी प्रत्येक नावाला चार प्रश्न विचारावेत. त्याने ही खुर्ची गाळप चालू असताना सांभाळली आहे का? पदासाठी कायद्याने लागणारं प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का? पद दिलं तर तो घेईल का, आणि हे त्याला कुणी खरंच विचारलंय का? आणि तो वर गेला तर त्याची आत्ताची खुर्ची कोण सांभाळेल? चौथा प्रश्न सगळ्यांत जास्त टाळला जातो आणि सगळ्यांत जास्त नावं त्यातच गळतात.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण साखरेत वेळ मोजायची पद्धत निराळी आहे. सल्लागारांचे तक्ते ‘सहा महिन्यांत तयार’, ‘१२ ते २४ महिन्यांत तयार’ असे असतात. आपल्याकडे एप्रिल ते ऑक्टोबर मशिनरी उघडून ठेवलेली असते. त्या काळात चीफ इंजिनिअरचा चार्ज घेतला तर ओव्हरहॉलिंगचा अनुभव मिळतो, चालत्या मिलचा नाही. म्हणून तयारी हंगामात मोजा: आज तयार, एका हंगामानंतर, दोन हंगामांनंतर. यंदाचा हंगाम हुकला की ‘सहा महिने’ म्हटलेला माणूस थेट पुढच्या वर्षावर जातो, हे समितीला महिन्यांच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे: सगळे हंगाम सारखे नसतात. २०१९-२० मध्ये आधीच्या दुष्काळामुळे ऊसच नव्हता, आपल्याकडच्या कित्येक कारखान्यांनी गाळप घेतलंच नाही. २०२१-२२ मध्ये उलटं झालं, मे उलटला तरी शेतात ऊस उभा होता आणि शेतकरी तोडीसाठी चकरा मारत होते. ऊस लवकर संपून आटोपलेला हंगाम प्रोसेसच्या माणसाला पुरेसा अनुभव देत नाही. शेतकी खात्याच्या माणसाची मात्र तेव्हाच परीक्षा होते, कारण शेजारचा कारखाना आपल्या नोंदीचा ऊस पळवत असतो आणि मुकादमाची टोळी जास्त दराकडे वळत असते. म्हणून शेतकी अधिकाऱ्याच्या उत्तराधिकाऱ्यापुढे ‘किती वर्षे’ लिहू नका. टंचाईचं साल आणि अति उसाचं साल, यांपैकी त्याने काय पाहिलंय ते लिहा.

एक उदाहरण सबंध सोडवून दाखवतो. बीड-परभणी पट्ट्यातलं तुमच्याच आकाराचं एक युनिट आहे, ओळख पटू नये म्हणून बारीक तपशील बदलले आहेत. तिथे दोन प्रश्नांच्या गाळणीतून सात पदं उरली: युनिट हेड, चीफ इंजिनिअर, बॉयलरची जबाबदारी असलेला प्रमाणपत्रधारक इंजिनिअर, चीफ केमिस्ट, शेतकी अधिकारी, डिस्टिलरी मॅनेजर आणि मुख्य पॅनमन. आराखड्याप्रमाणे सातपैकी सहा पदांसमोर ‘रेडी नाऊ’ नाव होतं. फक्त पॅनमनसमोर नव्हतं, कारण ते पद आराखड्यातच नव्हतं.

युनिट हेडसमोर चीफ इंजिनिअरचं नाव होतं. माणूस कर्तबगार आणि सगळ्यांना मान्य. पण युनिट हेडचं वय ५८, चीफ इंजिनिअरचं ५७ आणि निवृत्ती ६० ला. युनिट हेड निवृत्त झाल्यावर याच्या हाती एकच वर्ष उरतं. ही उत्तराधिकाऱ्याची नेमणूक म्हणता येत नाही, एका हंगामाची सोय म्हणता येते. ती तशीच लिहिली.

चीफ इंजिनिअरसमोर डेप्युटी होता, त्याला ‘अ’ म्हणू. साहेबांचं ऑपरेशन झालं तेव्हा ऐन जानेवारीत त्याने चार्ज सांभाळला होता आणि मिल थांबली नव्हती. तो खरोखर तयार. पण बॉयलरच्या पदासमोरही ‘अ’चंच नाव होतं, कारण तिथल्या माणसाव्यतिरिक्त बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र असलेला दुसरा कुणी नव्हता. मोठा बॉयलर प्रमाणपत्रधारक इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय चालवता येत नाही. म्हणजे ‘अ’ एक तर मिल सांभाळेल किंवा बॉयलर. त्याला एकदाच मोजलं आणि बॉयलरचं पद रिकामं दाखवलं.

चीफ केमिस्टसमोरचा डेप्युटी, ‘ब’, चारही प्रश्नांत टिकला. त्याच्या मागे शिफ्ट केमिस्ट होते, घरचे कारखान्याच्या कॉलनीतच राहत होते आणि पद घ्यायला तो तयार होता. इथे काही लिहायचं उरलं नाही, एका ओळीत संपवलं.

शेतकी अधिकाऱ्यासमोर ऊस विकास अधिकारी ‘क’ होता. बेणं, ठिबक, को ८६०३२ ची लागण, खोडव्याचं व्यवस्थापन यांत तो वाकबगार, शेतकऱ्यांतही मान. पण तोडणी-वाहतुकीचे करार, मुकादमांना दिलेली उचल आणि तिची वसुली हे त्याने कधी हाताळलं नव्हतं. कारखान्याचे कोट्यवधी रुपये त्या उचलीत अडकलेले असतात. ‘रेडी नाऊ’ खोडून ‘दोन हंगामांनंतर’ लिहिलं. डिस्टिलरीतल्या शिफ्ट इनचार्जचंही असंच झालं. फर्मेंटेशन आणि डिस्टिलेशन तो झोपेतही चालवेल, पण उत्पादन शुल्क खात्याची कागदपत्रं आणि स्पेंट वॉशच्या विल्हेवाटीबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाशी होणारा व्यवहार नेहमी मॅनेजरच पाहत आला होता. तो एका हंगामानंतर तयार.

हिशेब असा झाला: कागदावर सातपैकी सहा, प्रत्यक्षात दोन, शिवाय एक वर्षभराची सोय. त्यातही युनिट हेडची खुर्ची रिकामी झाली की चीफ इंजिनिअर वर जातो, ‘अ’ त्याच्या जागी जातो, आणि बॉयलरसाठी राखीव माणूस उरत नाही. ही साखळी पहिल्या पानाच्या वरच्या भागात एका वाक्यात लिहिली होती. समितीत वीस मिनिटांपैकी बरीच मिनिटं त्या वाक्यावर गेली, आणि तीच जायला हवी होती.

एक सावधगिरी मात्र ठेवा. सहाचे दोन झाले की समितीत कुणीतरी सल्लागारांवर घसरतो आणि बैठक भलतीकडे जाते. म्हणून बैठकीआधी युनिट हेड आणि खातेप्रमुखांना एकेकटं भेटून त्यांच्या खात्याची ओळ दाखवा. नाव खाली आल्याचं त्यांना पहिल्यांदा बैठकीत कळता कामा नये. चार प्रश्नांची उत्तरं त्यांच्याच तोंडून घ्यायची असल्यामुळे वादाला फारशी जागा राहत नाही.

उणिवांचा रकाना बहुतेक आराखड्यांत निकामी असतो. ‘नेतृत्वगुण’, ‘धोरणात्मक दृष्टी’, ‘संवादकौशल्य’. हे कुणाहीसमोर लिहिता येतं आणि वर्षभरानंतर भरून निघालं की नाही हे तपासता येत नाही. उणीव म्हणजे त्या माणसाने अजून न केलेलं एक ठराविक काम. ‘क’ची ओळ आम्ही अशी लिहिली होती:

‘तोडणी-वाहतूक करारांची स्वतंत्र जबाबदारी अजून घेतलेली नाही. येत्या हंगामात तीन गटांचे करार, उचल आणि वसुली यांच्याकडे. शेतकी अधिकाऱ्यांची देखरेख. हंगाम संपल्यावर त्या तीन गटांची थकीत उचल इतर गटांशी ताडून निर्णय. बेणे वाटपाचे काम सहायकाकडे.’

शेवटचं वाक्य लोक विसरतात. नवं काम देताना जुनं काढून घेतलं नाही तर माणूस दोन्हीकडे अर्धा राहतो आणि मार्चमध्ये ‘वेळच मिळाला नाही’ हे ऐकावं लागतं. कोर्सचंही तसंच. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये माणूस पाठवणं चांगलं आहे, प्रोसेसच्या आणि डिस्टिलरीच्या माणसांना त्याचा उपयोग होतो. पण कोर्स केला म्हणून ‘एका हंगामानंतर’चा माणूस ‘आज तयार’ होत नाही. त्यासाठी चालत्या कारखान्यात जबाबदारी घेतलेली असावी लागते.

आता तुमच्या तारखेबद्दल. ऑगस्टची बैठक काही बाबतींत उशिराची आहे. मुकादमांचे करार आणि उचल पावसाळ्यातच ठरत असतात, त्यामुळे शेतकी खात्यातल्या माणसाला यंदा करारांत घालायचं असेल तर बैठकीची वाट पाहू नका. युनिट हेडकडून आत्ताच लेखी होकार घ्या आणि समितीपुढे ‘सुरू केले आहे’ म्हणून ठेवा. नाहीतर पूर्ण हंगाम जाईल. बॉयलरच्या परीक्षेचंही तेच. अर्ज, अनुभवाचे दाखले, परीक्षा यांत वेळ जातो, म्हणून इच्छुक इंजिनिअरचं नाव बैठकीआधीच पक्कं करा.

दुसऱ्या पानावर समितीकडून हवे असलेले निर्णय लिहा, तीनच. त्या युनिटमध्ये ते असे होते. एक, युनिट हेडसाठी बाहेरून माणूस शोधायला आत्तापासून मंजुरी, म्हणजे तो एक पूर्ण हंगाम जुन्याबरोबर काढू शकेल. दोन, बॉयलर प्रमाणपत्रासाठी दोन इंजिनिअर तयार करणं, एक नापास झाला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. तीन, निवृत्त होणाऱ्या मुख्य पॅनमनला एका हंगामाचा करार, पण अट अशी की तो पॅनवर उभा राहील आणि हात मात्र त्याच्या दोन सहायकांचे असतील. तिसऱ्या निर्णयावर अकाउंट्सने कुरकुर केली, ‘कामगाराला निवृत्तीनंतर करार कशाला?’ चीफ केमिस्टने मळीची प्युरिटी एका अंकाने वाढली तर हंगामात किती साखर जाते हे मांडलं आणि विषय संपला. तुमच्याकडेही अशा निर्णयासमोर खर्चाचा आणि तोट्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. आकडा तुमच्याच लॅबच्या रिपोर्टातून काढा, बाहेरचा वापरू नका.

समितीतल्याच सदस्यांची पदं असतील तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते आडवं येणारच. कार्यकारी संचालकांच्या उत्तराधिकाऱ्याची चर्चा या कागदावर घेऊ नका, ती संचालक मंडळाची बाब आहे. युनिट हेड स्वतः बैठकीत बसत असतील तर त्यांच्या पदाची ओळ शेवटी घ्या आणि ते बाहेर गेल्यावरच बोला, हे त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवा.

मग पाहुण्या-रावळ्यांचा प्रश्न. आपल्याकडे बैठकीत एखादं नवीन नाव येतंच: ‘अमक्याचा पुतण्या इंजिनिअर झालाय, त्यालाही बघा.’ नाही म्हणू नका. त्याच चार प्रश्नांची उत्तरं भरून पुढच्या बैठकीत आणतो, एवढंच सांगा. चांगला असेल तर तो टिकेल, आणि नसेल तर रकाने रिकामे दिसतील. तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

गोपनीयता जपायची ती कारखाना लहान वस्तीत असतो म्हणून. कॉलनीत सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळी स्टँडवरच्या टपरीवर पोचते. ‘क’ दोन हंगाम मागे आहे हे त्याला चहावाल्याकडून कळलं तर तो कर्नाटकात जाईल, तिथले कारखाने मराठवाड्यातली माणसं आनंदाने घेतात. म्हणून ईमेलने काही पाठवू नका. छापील प्रती बैठकीत वाटा आणि उठताना परत घ्या. कागदावर कामगिरीचे शेरे, वार्षिक मूल्यमापनाचे गुण किंवा पगार अजिबात नको. ‘अजून न केलेलं काम’ एवढंच लिहिलं असेल तर उद्या ते त्या माणसाच्या हाती पडलं तरी त्याला अपमान वाटणार नाही. किंबहुना बैठकीनंतर त्याच्या साहेबाने ते त्याला स्वतः सांगावं, फक्त ‘तुझी निवड झाली’ असं वचन देऊ नये.

बैठकीत कुणी विचारेल, ‘या कागदावर विश्वास का ठेवायचा?’ त्याचं उत्तर जुन्या नोंदींत असतं. गेल्या तीन हंगामांत या सहा-सात पदांपैकी जी रिकामी झाली ती काढा, आणि तेव्हाच्या यादीतलं नाव किती वेळा प्रत्यक्ष त्या खुर्चीत बसलं ते लिहा. यादी नवीच असेल तर तेव्हा माणूस कुठून आला आणि किती दिवस खुर्ची रिकामी होती, एवढं तरी मिळेल. हा आकडा पहिल्या पानाच्या तळाशी ठेवा.

पुढचा आढावा मार्चमध्ये ठेवू नका, तेव्हा सगळे थकलेले असतात आणि हंगामही संपत आलेला असतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात युनिट हेडबरोबर अर्धा तास बसा आणि उणिवांच्या रकान्यातली कामं खरंच त्या माणसांकडे गेली आहेत का एवढंच पाहा. गेली नसतील तर उरलेल्या हंगामात देता येतात.